खाच फळीच्या मापाची

पुस्तकांच्या शेल्फची खरी परीक्षा होते ती आडवी फळी उभ्या फळीला जिथे मिळते तिथे. डेमी आकाराची पुस्तकं दाटीवाटीनं उभी केली, तर मीटरभर लांबीत पंचवीस-तीस किलो वजन सहज होतं. हे वजन कोणी रोज उचलत नाही, हलवत नाही. ते वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं आणि फळीच्या दोन टोकांना खाली ओढत राहतं.

बाजारातल्या स्वस्त शेल्फमध्ये हा भार दोन-तीन स्क्रूंवर असतो. स्क्रू बाहेरून उभ्या फळीतून घुसतो आणि आडव्या फळीच्या कडेत रुततो. प्लायवूडची कड म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या पातळ थरांची चळत. स्क्रू तिथे थरांच्या मधोमध शिरतो आणि त्यांना पाचरीसारखा फाकवतो. म्हणून काही वर्षांनी स्क्रूच्या आजूबाजूचा प्लाय फुगलेला दिसतो आणि फळी एका टोकाला किंचित खाली आलेली असते.

खाचेचं गणित वेगळं आहे. उभ्या फळीच्या आतल्या अंगाला, लाकडाच्या रेषेला आडवी, फळीच्या जाडीएवढी रुंद आणि जेमतेम पाव इंच खोल अशी नाली कापायची आणि आडव्या फळीचं टोक त्यात सरकवायचं. अमेरिकेतले सुतार या खाचेला डॅडो म्हणतात, इंग्लंडमधले हाउसिंग म्हणतात. आपल्याकडे ती नुसती खाच किंवा खोबण. वजन आता स्क्रूवर नाही, खाचेच्या खालच्या ओठावर आहे, आणि तो ओठ पुढून मागपर्यंत सलग आहे. त्यासाठी एकच अट आहे. फळी खाचेत अंग घासत बसली पाहिजे. सैल बसली तर ती खाच केवळ शोभेची, आणि घट्ट बसली तर काय होतं ते पुढे येईलच.

माप कुठून घ्यायचं

या प्रकरणात आपण एकच शेल्फ शेवटपर्यंत करणार आहोत. उंची १५०० मिलिमीटर, खोली २८० आणि दोन उभ्या फळ्यांच्या मधली मोकळी जागा ७५०. खाच कापून बसवायच्या फळ्या पाच. सगळा प्लाय '१८ मिलिमीटर'चा.

हा आकडा अवतरणात टाकला, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. दुकानदार १८ म्हणतो, जुना मिस्त्री 'सहा सूत' म्हणतो, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे १९. व्हर्नियर लावून बघितलं तर माझ्या या शीटची जाडी १७.६ भरली आणि एका कोपऱ्यात १७.४. मी केलेल्या पहिल्या शेल्फच्या वेळी मी व्हर्नियर लावला नव्हता. १८ मिलिमीटर व्यासाचा राउटर बिट विकत आणला, एका फेरीत एक खाच अशा दहा सुंदर, सरळ खाचा कापल्या आणि फळी आत सरकवली. प्रत्येक खाचेत फळीशेजारी पोस्टकार्ड बसेल एवढी फट राहिली. पांढऱ्या गोंदानं ती फट भरून निघेल असं तेव्हा वाटलं होतं. निघाली नाही. हा गोंद दोन लाकडं एकमेकांना भिडलेली असतील तर लाकडापेक्षा मजबूत पकडतो, पण फटीत तो सुकतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं, तो आकसतो आणि मागे एक दुबळी साय उरते. शेवटी पातळ व्हिनियरच्या पट्ट्या कापून प्रत्येक फळीच्या टोकाला खालच्या अंगानं चिकटवल्या आणि मग फळ्या बसल्या. खाच कापायला एक दुपार लागली होती, ती सुधारायला दोन दिवस गेले.

त्या दिवसापासून मी खाचेची रुंदी आकड्यात मोजत नाही. जी फळी आत जाणार तिचाच तुकडा हे माझं माप असतं. त्यामुळे फळ्या आधी कापायच्या, खाचा नंतर.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण येते, ती सनमायकाची. फळीच्या दोन्ही अंगांना लॅमिनेट लावायचं असेल तर वरचं साधारण एक मिलिमीटरचं, खालचं त्याहून थोडं पातळ आणि मधला गोंद धरून जाडी जवळजवळ दोन मिलिमीटरनं वाढते. खाच आधी कापली आणि सनमायका नंतर लावला, तर फळी आत जाणारच नाही. म्हणून लॅमिनेट दाबून, सुकून तयार झालेल्या फळीचा तुकडा माप म्हणून वापरायचा. शिवाय गुळगुळीत लॅमिनेटला पांढरा गोंद धरत नाही. खाचेत जाणाऱ्या शेवटच्या सहा मिलिमीटरवर लॅमिनेट लावायचंच नाही हा एक उपाय. मग मात्र खाच नुसत्या प्लायच्या जाडीची हवी आणि लॅमिनेटची कड उभ्या फळीला बरोबर भिडली पाहिजे. ते काम नाजूक आहे. मला स्वतःला फळ्यांवर लाकडाचं व्हिनियर किंवा नुसतं पॉलिश आवडतं, त्यात हा प्रश्न येत नाही.

आता खोली. १८ च्या प्लायमध्ये खाच सहा मिलिमीटर खोल, म्हणजे जाडीच्या एक तृतीयांश. त्याहून खोल गेल्यानं आधार फारसा वाढत नाही, कारण वजन पेलायला सहा मिलिमीटरचा ओठ पुरेसा आहे. उलट उभी फळी त्या रेषेवर कमकुवत होते. तीन मिलिमीटरची खाच मात्र फसवी असते. फळी जरा वाकली किंवा उभी फळी बाहेर फुगली की टोक ओठावरून निसटायला लागतं.

खोली ठरली की फळीची लांबी ठरते. मोकळी जागा ७५०, अधिक दोन्हीकडचे सहा-सहा, म्हणजे ७६२. पाचही फळ्या एकाच ठोकळ्याला टेकवून, एकाच मापात कापायच्या. यातली एक जरी मिलिमीटरभर लांब झाली तरी ती उभ्या फळ्या बाहेर ढकलते आणि तिच्या शेजारच्या दोन फळ्या खाचेत तळापर्यंत पोचत नाहीत.

७५० ही लांबी मी ठरवून घेतली आहे. खाच फळीची टोकं धरते, तिचा मध्य धरत नाही. तेवीस-चोवीस किलो पुस्तकांखाली या मापाची प्लायची फळी मधोमध साधारण दीड मिलिमीटर झुकेल आणि काळ जाईल तसा हा झोक आणखी वाढेल. डोळ्याला तो जाणवत नाही. पण पुस्तकं तशीच दाटून भरली तर झोक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. ९०० ला तो दुप्पट होतो, लांबी दुप्पट केली तर सोळापट. त्यामुळे लांब शेल्फ हवं असेल तर मध्ये एक उभी फळी घालायची. खाच कितीही घट्ट कापली तरी हा झोक थांबत नाही. आणखी एक, शीटमधून फळ्या काढताना वरच्या थराची रेषा फळीच्या लांबीत गेली पाहिजे. आडव्या रेषेची फळी त्याच वजनाखाली जास्त वाकते.

दोन फळ्यांची एक फळी

खाच रुंदीला बरोबर झाली, खोलीला बरोबर झाली, तरी डावी आणि उजवी खाच एका उंचीवर नसेल तर सगळं फुकट. दोन्ही फळ्यांवर वेगवेगळी टेप लावून रेघा मारल्या की मिलिमीटरचा फरक पडतोच. टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो, पेन्सिलची रेघ जाड असते, नजर तिरकी असते.

यावर एक फार चांगला तोडगा आहे. उभ्या फळ्या दोन कापायच्याच नाहीत. ५६३ मिलिमीटर रुंद आणि १५०० लांब असा एकच तुकडा घ्यायचा, त्यावर पाचही खाचा या काठापासून त्या काठापर्यंत कापायच्या आणि मग तो तुकडा उभा चिरून दोन फळ्या करायच्या. करवतीच्या पात्यात तीनेक मिलिमीटर जातात, बाकी २८०-२८० च्या दोन फळ्या हातात येतात. आता डावी खाच आणि उजवी खाच ही एकाच खाचेची दोन अर्धी आहेत. चिरलेली कड दोन्ही फळ्यांची मागची कड करायची, म्हणजे पुस्तक मिटावं तशा त्या समोरासमोर येतात.

एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. मूळ खाच काटकोनात नसेल, तर पुस्तक मिटल्यावर एका फळीतली खाच मागे चढते आणि दुसरीतली मागे उतरते. आडवी फळी मग पीळ दिलेली बसते आणि सपाट टेबलावर ठेवल्यासारखं पुस्तक तिच्यावर उभं राहत नाही. म्हणून या पद्धतीत गुण्या दोनदा लावायचा.

रेघा मारताना प्रत्येक खाचेची फक्त खालची कड आखायची. वरची कड आपोआप येते, कारण ती फळीची जाडी आहे. तळापासून ८०, ४१८, ६९५, ९६३ आणि १२२० या उंचींवर पाच रेघा आल्या. ८० च्या खालचा भाग पायाच्या पट्टीसाठी. सगळ्यात खालचा कप्पा ३२० चा आहे, तिथे दिवाळी अंक, नकाशे, विश्वकोशाचे खंड उभे राहतील. वरचे कप्पे २६० ते २४० च्या दरम्यान आहेत. डेमी पुस्तक साधारण २१५ उंच असतं, त्यामुळे वर बोट घालून पुस्तक ओढायला पुरेशी जागा उरते. प्रत्येक रेघेच्या ज्या बाजूला खाच येणार तिथे फुली मारून ठेवा. रेघेच्या चुकीच्या बाजूला कापलेली खाच अख्खी १७.६ मिलिमीटर सरकते आणि ती भरून काढता येत नाही.

राउटर आणि दोन पट्ट्यांचा साचा

राउटर मोठाच हवा असं नाही. आपल्याकडे फर्निचरच्या साइटवर सनमायकाच्या कडा मारायला जो छोटा, एका हातात मावणारा ट्रिमर असतो, त्यानं हे काम होतं. बिट सरळ हवा, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा, आणि त्याच्या दांड्यावर, पात्याच्या वरच्या बाजूला, बेअरिंग बसवलेलं हवं. बेअरिंगचा व्यास आणि पात्याचा व्यास सारखाच असतो. त्यामुळे बेअरिंग ज्या पट्टीला घासत जाईल, तिच्या कडेखाली नेमकं तिथेच पातं कापतं.

आता साचा. १८ च्या प्लायच्या दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी १०० रुंद आणि ७५० लांब, कडा अगदी सरळ. त्यांच्या एका टोकाखाली एक आडवी पट्टी येते, ती उभ्या फळीच्या कडेला टेकते. या आडव्या पट्टीला पहिली लांब पट्टी गुण्या लावून काटकोनात स्क्रूनं पक्की करा. दुसरी अजून मोकळी ठेवा. मोकळी पट्टी पहिलीजवळ आणा, दोघींच्या मध्ये आडव्या फळीचेच दोन तुकडे कडेवर उभे करून दाबा, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. त्यांच्या शेजारी वहीच्या कागदाचा एकेक कपटा ठेवा. साधा कागद मिलिमीटरचा दहावा भाग जाड असतो, आणि गोंदाला तेवढीच जागा हवी असते. पट्ट्या तुकड्यांना घट्ट भिडल्या की दुसरी पट्टीही पक्की करा. तुकडे काढून घ्या. मध्ये राहिलेली फट हीच आपल्या खाचेची रुंदी. व्हर्नियरची गरज उरत नाही. पलीकडच्या टोकाखालीही अशीच एक आडवी पट्टी फळीच्या कडेला भिडवून बसवा. तिचा उपयोग पुढे येतो.

पट्ट्या १८ च्याच का? पहिल्या फेरीत पातं फक्त तीन मिलिमीटर आत असतं, उरलेलं पातं फळीच्या वर असतं आणि बेअरिंग त्याच्याही वर. पट्टी पातळ असेल तर बेअरिंग तिच्या माथ्यावरून निसटतं आणि उघडं पातं पट्टीलाच खाऊ लागतं. साचा तिथेच बिघडतो. पातं जितकं आखूड, तितकं हे सोपं जातं.

साचा रेघेवर क्लॅम्पनं आवळा, पक्क्या पट्टीची कड रेघेवर. पहिली फेरी तीन मिलिमीटर, दुसरी सहापर्यंत. एकदम सहा घेतलं तर ट्रिमर घुसमटतो, आवाज जड होतो, पातं तापतं आणि खाचेच्या भिंती काळपट दिसू लागतात. काळपट भिंत म्हणजे पातं कापत नसून घासतंय.

दिशेचं भान यात फार महत्त्वाचं. वरून बघितलं तर राउटरचा बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. तुम्ही तो आपल्यापासून दूर ढकललात की तो डावीकडे ओढ घेतो. म्हणून दूर जाताना डाव्या पट्टीला घासत जायचं, म्हणजे ही ओढ त्याला पट्टीवरच दाबून धरते. टोकाला पोचल्यावर उजव्या पट्टीला लागायचं आणि आपल्याकडे ओढत परत यायचं. फटीतून घड्याळाच्या दिशेनं एक प्रदक्षिणा, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. उलट फिरलात तर बिट पुढे पळतो, हात खेचला जातो आणि भिंतीवर दातरे उठतात. बिट सुरू करताना तो लाकडाला टेकलेला नको. बदलताना प्लग काढलेला हवा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवा, कारण प्लायचा भुसा बारीक असतो आणि त्यात गोंदही असतो.

बिट लाकडाच्या बाहेर पडतो तिथे वरचा थर कपच्यांनी उडतो. दोन्ही टोकांच्या आडव्या पट्ट्या इथे कामाला येतात. त्या फळीच्या कडेला चिकटून असल्यानं बिट फळीतून थेट पट्टीत जातो आणि कपची उडायला जागाच मिळत नाही. पहिल्या खाचेनंतर या पट्ट्यांतही एक छोटी खाच तयार होते. तिची कड पुढच्या रेघेवर ठेवली की साचा नेमका बसतो. खाचेच्या लांब कडांवरही थर उचकटत असेल, तर पट्टीच्या कडेनं आधी धारदार कटरनं दोन-तीनदा रेघ ओढा. तंतू आधीच कापलेले असले की पातं त्यांना उपटू शकत नाही.

पहिली खाच नेहमी उरलेल्या तुकड्यावर कापायची. धार लावून आणलेल्या बिटचं पातं बेअरिंगपेक्षा किंचित लहान झालेलं असतं, ते इथेच कळतं. बसते की नाही याची माझी कसोटी अशी. फळीचा तुकडा तळहातानं दाबला की आत जायला हवा, हातोडा न मारता. मग तो तुकडा धरून उचलला तर खालची खाचवाली फळीही बरोबर उचलली गेली पाहिजे. तुकडा सुटून हातात आला तर सैल. अंगाचं वजन टाकावं लागलं तर घट्ट.

करवत आणि पटाशी

राउटर नसेल, किंवा फक्त एक-दोन खाचा करायच्या असतील आणि साचा बनवण्याचा खटाटोप नको असेल, तर करवत आणि पटाशी पुरतात. टेबल सॉ असलेले काही जण दोन पात्यांच्या मध्ये दातेरी चकत्या घालून एका फेरीत रुंद खाच कापतात. अमेरिकेत ही पद्धत सर्रास आहे. पण त्यासाठी यंत्राचा आस लांब लागतो आणि पात्यावरचं संरक्षक कवच काढावं लागतं. घरच्या कामाला मी ती सुचवणार नाही.

हातानं कापताना सगळी नजाकत आखणीत असते. खालची कड गुण्या धरून पेन्सिलनं नव्हे, कटरनं आखा. मग फळीचा तुकडा त्या रेघेवर उभा करा, कड अगदी रेघेला लावून, आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला कटरचं टोक घासून वरची कड आखा. इथेही मोजणं नाही. दोन्ही रेघांना खाचेच्या आतल्या बाजूनं पटाशीनं हलकासा उतार द्या, रेघेकडे उतरणारा. त्यामुळे रेघेवर एक सरळ भिंत आणि तिला टेकलेली छोटीशी घळ तयार होते. करवतीचं पातं त्या घळीत बसतं आणि इकडेतिकडे घसरत नाही.

करवत पाठीवाली हवी, म्हणजे वरच्या कडेला पितळी किंवा लोखंडी पट्टी असलेली, बारीक दातांची. पात्यावर दातांच्या टोकांपासून सहा मिलिमीटरवर चिकटपट्टी लावली की खोली कळते. रेघेलगत एक सरळ लाकडी पट्टी क्लॅम्प करून करवत तिला घासत चालवा. दोन्ही कडा कापून झाल्या की मधला भाग पटाशीनं काढायचा. आधी एका कडेकडून मध्यापर्यंत, मग दुसऱ्या कडेकडून. एकाच बाजूनं सरळ पलीकडे गेलात तर शेवटची ढलपी पलीकडची कड घेऊन पडते.

प्लायमध्ये या कामाला एक वेगळीच लय असते. प्रत्येक थराची रेषा आधीच्या थराला आडवी. एका थरात पटाशी ढलप्या सहज उचलते, पुढच्या थरात ती लांबीत चिरत जाते आणि भिंतीखाली घुसायला बघते. तिथे पटाशी उपडी धरून, थोडं थोडं घ्यायचं. स्वस्त प्लायमध्ये मधल्या थरात पोकळी लागते. तळ तिथे एकदम खाली बसतो. एवढ्याशानं बिघडत नाही, पण ओठाखालची पोकळी लाकडी पट्टी आणि गोंदानं भरल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण वजन तिथेच येणार आहे.

तळ सपाट झाला का हे बघायला एक सोपं साधन करता येतं. छोट्या पट्टीतून एक स्क्रू आरपार काढा, खाली बरोबर सहा मिलिमीटर बाहेर येईल एवढा. पट्टी खाचेवर आडवी ठेवून सरकवली की जिथे स्क्रू अडतो तिथे लाकूड जास्त आहे. याच कल्पनेवर इंग्रज सुतारांचं एक जुनं हत्यार आहे, लाकडाच्या ठोकळ्यातून खाली डोकावणारं एकच पातं. त्याला ते 'म्हातारीचा दात' म्हणत. ते एकसारख्या खोलीत तळ खरवडत जातं. मिळालं तर जरूर घ्यावं, पण स्क्रूची पट्टी आणि धारदार पटाशी यांनीही तळ नीट होतो, वेळ जास्त लागतो इतकंच.

फळ्या बसवताना

गोंद लावण्याआधी सगळं शेल्फ एकदा कोरडं जोडून बघायचं. यात दोष आधीच दिसतात. फळी एका टोकाला घट्ट असेल तर खाचेला हात लावायचा नाही. फळीच्या टोकाच्या खालच्या अंगावर रंध्याचा एक हलका हात मारायचा किंवा सँडपेपर ठोकळ्यावर गुंडाळून घासायचं. खालचं अंग दिसत नाही आणि फळीवरचं एक ढलपं काढणं खाच रुंद करण्यापेक्षा कितीतरी सोपं. मघाशी म्हटलं की शीटच्या कोपऱ्यात जाडी १७.४ निघाली होती. त्या कोपऱ्यातून आलेली फळी सैल बसली. तिच्या टोकाला खालून पातळ व्हिनियरचा तुकडा लावला, बाकी चार जशाच्या तशा बसल्या.

घट्ट बसवण्याच्या मोहापासून सावध राहायला हवं. फळी ठोकून बसवली तर एकीनं काही बिघडत नाही. पण पाचही खाचांत फळ्या पाचरीसारख्या शिरल्या, तर प्रत्येक खाच उभ्या फळीचं आतलं अंग थोडं थोडं फाकवते. बाहेरचं अंग तसंच राहतं. परिणामी उभी फळी आतल्या बाजूला कमान घेते, म्हणजे तिचा मध्य आत येतो आणि वरचं-खालचं टोक बाहेर वळतं. सरळ पट्टी लावली की हे लगेच कळतं. शिवाय पांढऱ्या गोंदात पाणी असतं. कोरडी असताना कशीबशी गेलेली फळी गोंद लावला की फुगते आणि अर्ध्यात अडकते. सागवानी फळ्यांना पावसाळ्याचं भानही ठेवावं लागतं. मे महिन्यात अगदी अंगाबरोबर बसलेली १८ मिलिमीटरची फळी जुलैत मिलिमीटरच्या दशांशानं, कधी दोन दशांशानं जाड होते. उन्हाळ्यात काम करत असाल तर तो कागदाचा कपटा विसरू नका.

जोडणी एकट्यालाही करता येते. एक उभी फळी जमिनीवर खाचा वर करून आडवी ठेवायची. खाचेच्या तळाला आणि दोन्ही भिंतींना ब्रशनं गोंदाचा पातळ थर द्यायचा. थापून भरलेला गोंद फळीखाली अडकतो आणि तिला तळाला टेकू देत नाही. पाचही फळ्या आपापल्या खाचेत उभ्या करा, दुसऱ्या उभ्या फळीच्या खाचांना गोंद लावा आणि ती वरून उतरवा. एका टोकाकडून सुरुवात करून एकेक फळी खाचेत घालत जायचं. उन्हाळ्यात दुपारी गोंद दहा मिनिटांत ओढायला लागतो, म्हणून हे काम सकाळी करावं.

क्लॅम्प लावताना शेल्फच्या पुढच्या आणि मागच्या कडेवर दाब येतो, मधला भाग मात्र मोकळा राहतो आणि खाचेच्या मधोमध फळी तळापर्यंत पोचत नाही. उपाय सोपा आहे. क्लॅम्पखाली एक लाकडी पट्टी ठेवायची आणि तिच्या मध्यावर जाड पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवायचे. क्लॅम्प आवळला की पट्टी आधी मध्ये दाबते. लांब क्लॅम्प नसतील तर दोरीचा फेर घालून त्यात काठी घालून पीळ दिला तरी चांगला दाब येतो. उभ्या फळ्यांच्या कडेखाली लाकडी तुकडे मात्र घाला, नाहीतर दोरी कड कापते.

लगेच दोन्ही कर्ण मोजायचे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि त्याच्या उलट. दोन्ही सारखे आले म्हणजे शेल्फ काटकोनात. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेनं एक क्लॅम्प तिरका लावून हळूहळू आवळायचं. खाच फळीला खाली पडू देत नाही, पण अख्ख्या शेल्फला एका बाजूला कलण्यापासून ती फारशी वाचवत नाही. ते काम पाठीचं. सहा मिलिमीटरचा प्लाय दोन उभ्या फळ्यांच्या मध्ये, प्रत्येक आडव्या फळीच्या मागच्या कडेला स्क्रूनं बसवला की शेल्फ हलत नाही. त्यासाठी आडव्या फळ्या २८० ऐवजी २७४ खोल कापाव्यात, म्हणजे पाठ आत बसते.

पुढून खाचेचं टोक दिसतं, उभ्या फळीच्या कडेवर एक छोटा चौकोन. काही जण खाच पुढच्या कडेच्या दहा-बारा मिलिमीटर आधीच थांबवतात आणि फळीच्या कोपऱ्याला तेवढा छेद देतात. दिसायला ते फार सुबक होतं. प्लायच्या शेल्फला मात्र कडेवर लाकडी पट्टी लावावीच लागते, आणि ती पट्टी हे चौकोनही झाकते. म्हणून इथे मी खाच आरपार नेली. गोंद रात्रभर सुकू द्या, क्लॅम्प काढा, पट्ट्या लावा. पुस्तकं चढवण्याआधी पूर्ण एक दिवस जाऊ द्या. सगळ्यात जड खंड सगळ्यात खालच्या फळीवर, आणि फळीच्या मधोमध न ठेवता दोन्ही टोकांकडे.